रीडर वाचतो, कॅमेरा वाचत नाही

कॅमेऱ्यात कार्ड घातले की पडद्यावर ‘कार्ड वाचता येत नाही’ किंवा ‘कार्ड फॉरमॅट करा’ असा संदेश येतो. तेच कार्ड संगणकाला जोडलेल्या कार्ड रीडरमध्ये घातले की सगळी फोल्डर उघडतात, फोटोही दिसतात. अशा वेळी बहुतेकांचा निष्कर्ष ठरलेला असतो: कार्ड ठणठणीत आहे, बिघाड कॅमेऱ्यात आहे. मग कॅमेरा दुरुस्तीला जातो आणि पुष्कळदा ‘काही दोष आढळला नाही’ अशा शेऱ्यासह परत येतो.

या निष्कर्षात एक गृहीत दडलेले आहे. कार्ड ‘वाचणे’ ही एकच कसोटी आहे आणि रीडर व कॅमेरा दोघेही तीच घेतात, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात कॅमेरा कार्डाकडून जास्त मागतो आणि रीडर कमी. त्यामुळे रीडरमध्ये कार्ड चालले, यावरून ते चांगले आहे हे सिद्ध होत नाही. कमी मागणीपुरते ते अजून पुरे पडते आहे, एवढेच त्यातून कळते. हा फरक नेमका कुठे पडतो हे कळले की झिजलेले कार्ड, थकलेला कॅमेऱ्याचा स्लॉट आणि बनावट कार्ड हे तिन्ही वेगवेगळे ओळखता येतात.

पुढे जाण्याआधी एक काम मात्र करून टाकावे. कॅमेरा फॉरमॅट करायला सांगत असला तरी करू नये. कार्ड रीडरमध्ये वाचले जात आहे तोवर त्यावरचे सगळे फोटो संगणकात उतरवून घ्यावेत, त्यातले मधले आणि शेवटचे काही उघडून, मोठे करून पाहावेत आणि मगच कार्डाची तपासणी सुरू करावी. आज रीडरमध्ये चालणारे कार्ड उद्याही चालेल याची खात्री नसते.

नऊ पट्ट्यांचे गणित

साधे एसडी कार्ड उलटे केले की वरच्या कडेला सोनेरी पट्ट्यांची रांग दिसते. त्या ९ असतात. वेगवान यूएचएस-२ जातीच्या कार्डांवर त्याखाली दुसरी रांगही असते, पण आपला प्रश्न समजायला पहिली रांग पुरेशी आहे. नऊपैकी तीन पट्ट्या वीज आणि जमिनीसाठी, म्हणजे अर्थिंगसाठी आहेत. एका पट्टीवरून घड्याळाचे ठोके येतात आणि एकीवरून आज्ञा जातात. उरलेल्या चार पट्ट्यांवरून माहिती ये-जा करते.

या चार पट्ट्या सुरुवातीपासून कामाला लागत नाहीत, हा कळीचा मुद्दा आहे. कार्ड आत गेले की कॅमेरा आधी अगदी हळू, सेकंदाला ४ लाख ठोक्यांच्या आत राहून, कार्डाशी बोलतो. ‘तू कोण, तुझी क्षमता किती, तुला कोणता वेग झेपतो’ अशी ही विचारपूस असते. या टप्प्यात माहितीची एकच पट्टी वापरली जाते. ओळख पटली की कॅमेरा कार्डाला चारही पट्ट्या वापरायला सांगतो आणि ठोक्यांचा वेग वाढवतो. नेहमीच्या वेगात तो सेकंदाला अडीच कोटी असतो, वरच्या वेगात पाच कोटी, आणि यूएचएस-१ जातीच्या सर्वांत वेगवान टप्प्यात २० कोटींच्याही वर जातो. या यूएचएस टप्प्यांसाठी संकेतांचा दाबही ३.३ व्होल्टवरून १.८ व्होल्टवर आणावा लागतो.

आता पट्ट्यांच्या जागा पाहा. सुरुवातीला वापरली जाणारी माहितीची पट्टी कडेपासून एक घर आत आहे. नंतर सामील होणाऱ्या तिघींपैकी दोन मात्र रांगेच्या अगदी दोन टोकांना आहेत: एक कापलेल्या कोपऱ्याजवळ आणि दुसरी समोरच्या कडेला. टोकाची एखादी पट्टी झिजली किंवा तिच्यावर मळ बसला, तर हळू चालणारी पहिली विचारपूस नीट पार पडते, पण चार पट्ट्यांवरचे वेगवान काम सुरू होताच चुका होऊ लागतात. म्हणूनच काही वेळा कॅमेरा कार्ड ओळखतो, किती फोटो मावतील तो आकडाही क्षणभर दाखवतो आणि मग चूक झाल्याचा संदेश देतो. कार्ड ओळखले गेले पण काम अडले, असे दिसले की संशय संपर्कावर आणि वेगावर घ्यावा.

माहितीच्या प्रत्येक तुकड्यासोबत पडताळणीची एक बेरीज पाठवली जाते. घेणाऱ्याने केलेली बेरीज आणि आलेली बेरीज जुळली नाही, की तो तुकडा पुन्हा मागवता येतो. किती वेळा मागवायचा आणि कधी हात टेकायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. संगणकाला थांबायला वेळ असतो. तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, आणि काही रीडर तर वेग उतरवून किंवा एकाच पट्टीवर येऊन काम भागवतात. कॅमेऱ्याला ती सवड नसते. एका सेकंदात पाच-सहा फोटो टिपणाऱ्या यंत्राला कार्डावर भरवसा ठेवता आला नाही, तर त्याने ते नाकारणेच योग्य. रीडरमध्ये कार्ड चालते, पण एरवी पाच मिनिटांत उतरणारे फोटो अर्धा तास घेतात, असे दिसले तर पडद्याआड अशीच पुनरावृत्ती चालू असण्याची शक्यता असते.

झिजण्याची प्रक्रिया

त्या पट्ट्या सोन्याच्या दिसतात, पण सोने त्यांच्यावर फक्त मुलाम्यापुरते असते. खाली निकेलचा थर आणि त्याखाली तांबे. सोने गंजत नाही म्हणून ते वर लावतात. कार्ड आत सरकवताना स्लॉटमधल्या स्प्रिंगसारख्या बारीक पत्र्या या मुलाम्यावरून घासत जातात. थोडी घासण चांगलीच, कारण तिने वरचा मळ पुसला जातो. पण प्रत्येक फेरीत मुलामाही कणाकणाने जातो. एसडी कार्डाच्या मानकात १०,००० वेळा घालणे-काढणे झेपले पाहिजे अशी अपेक्षा आहे. रोज दोनदा कार्ड काढणाऱ्याला ती मर्यादा गाठायला तेरा वर्षांहून अधिक काळ लागेल. म्हणून केवळ वापराने मुलामा संपलेली कार्डे कमीच सापडतात. खरे नुकसान इतर कारणांनी लवकर होते.

त्यातले पहिले कारण घाम आणि दमट हवा. बोटांचा घाम पट्टीवर राहिला की त्यातले क्षार मुलाम्यातल्या सूक्ष्म छिद्रांतून खालच्या धातूपर्यंत पोहोचतात. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर, विशेषतः पावसाळ्यात, हवेतला ओलावा आणि खारेपणा या कामाला मदतच करतो. पट्टीवर काळपट किंवा हिरवट ठिपका दिसला तर तो खालच्या धातूचा गंज असतो. हा गंज विजेला अडवतो, आणि किंचित वाढलेला अडथळाही वेगवान संकेत विस्कटायला पुरतो.

दुसरे कारण प्लॅस्टिकचे. पट्ट्यांच्या दरम्यान प्लॅस्टिकच्या बारीक भिंती असतात. कार्ड खिशात सुटे ठेवणे किंवा तिरके दाबून घालणे यामुळे त्या तुटतात. भिंत तुटली की पत्री शेजारच्या पट्टीकडे सरकू शकते, आणि तुटलेला तुकडा स्लॉटमध्ये अडकून पुढच्या चांगल्या कार्डालाही नीट बसू देत नाही. कार्डाचे दोन अर्धे जोडलेले असतात, तो जोडही कधी उकलतो. मग मूळ २.१ मिलिमीटर जाडीचे कार्ड किंचित फुगते आणि स्लॉटमध्ये अडकायला लागते. भिंत तुटलेले किंवा जोड उकललेले कार्ड चिकटवून पुन्हा वापरू नये. त्यावरचे फोटो उतरवावेत आणि ते निवृत्त करावे.

मायक्रोएसडी कार्ड अडॅप्टरमधून वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या अडॅप्टरमध्ये स्वतःच्या पत्र्या असतात, म्हणजे संपर्काची जागा एकाऐवजी दोन होते. अडॅप्टर स्वस्तातला असेल तर त्याच्या पत्र्या लवकर सैल पडतात. कॅमेऱ्यात न चालणारे मायक्रोएसडी दुसऱ्या अडॅप्टरमध्ये घालून पाहणे ही पाच मिनिटांची तपासणी आहे, आणि कित्येकदा उत्तर तिथेच मिळते.

कार्डाच्या डाव्या कडेला असलेली ‘लॉक’ची सरकपट्टी संपर्काच्या पट्ट्यांपासून वेगळी आहे. तिचा आतल्या चिपशी काहीही संबंध नसतो. ती कुठल्या बाजूला आहे हे स्लॉटमधले एक छोटे बटण चाचपते आणि त्यावरून कॅमेरा लिहायचे की नाही ते ठरवतो. सरकपट्टी सैल झाली की कार्ड आत ढकलताना ती आपोआप ‘लॉक’कडे सरकते आणि कॅमेरा कार्ड बंद असल्याचे सांगतो. वाचण्याला या पट्टीची आडकाठी नसते, म्हणून रीडरमध्ये फोटो निर्वेध दिसतात.

दोष कुणाचा, हे ठरवण्याची रीत

एकच कार्ड आणि एकच कॅमेरा हाताशी असेल तर दोष कुणाचा हे सांगता येत नाही. त्यासाठी दुसरे खात्रीचे कार्ड आणि शक्य तर दुसरा कॅमेरा लागतो. खात्रीचे कार्ड आपल्या कॅमेऱ्यात घालावे, त्यावर वीसेक फोटो भराभर काढावेत आणि ते लगेच कॅमेऱ्यातच उघडून पाहावेत. मग संशयित कार्ड मित्राच्या कॅमेऱ्यात घालून तेच करावे.

खात्रीचे कार्ड चालले आणि संशयित कार्ड दोन्ही कॅमेऱ्यांत अडले, तर दोष कार्डाचा. खात्रीचे कार्डही आपल्या कॅमेऱ्यात अडले आणि संशयित कार्ड मित्राच्या कॅमेऱ्यात चालले, तर दोष स्लॉटचा. तिसरा प्रकार लोकांना गोंधळात टाकतो. खात्रीचे कार्ड आपल्या कॅमेऱ्यात चालते, संशयित कार्ड मित्राच्या कॅमेऱ्यात चालते, आणि फक्त आपला कॅमेरा व आपले कार्ड यांचेच जमत नाही. यात गूढ काही नाही. कार्डाचा मुलामा थोडा गेलेला असतो आणि स्लॉटच्या पत्र्यांचा दाबही थोडा कमी झालेला असतो. दुसऱ्याची साथ चांगली असेल तोवर प्रत्येकाचा अर्धा दोष खपून जातो. दोन अर्धे दोष एकत्र आले की संपर्क तुटतो. रीडरच्या पत्र्या तुलनेने नव्या असतात आणि पट्टीवर जरा वेगळ्या जागी टेकतात, म्हणून तिथे अडचण येत नाही. या प्रकारात कार्ड बदलून तात्पुरते भागते, पण स्लॉट थकू लागला आहे ही खूण लक्षात ठेवायला हवी.

स्वच्छता करायची ती या तपासणीनंतर. कार्डासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे कापड पुरे. कापड नुसते ओलसर करावे, पट्टीच्या लांबीच्या दिशेने हलक्या हाताने दोन-तीनदा पुसावे आणि पूर्ण वाळू द्यावे. खोडरबराने घासण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पट्टी त्याने चमकते, पण ती चमक मुलामा खरवडून आलेली असते आणि रबराचे कण स्लॉटमध्ये जातात ते वेगळेच. नेलपॉलिश रिमूव्हरमधले अ‍ॅसिटोन प्लॅस्टिक विरघळवते, म्हणून त्यालाही हात लावू नये. स्लॉटसाठी कॅमेरा बंद करून बॅटरी काढावी, उघडा भाग खाली धरावा आणि हाताने दाबायच्या रबरी फुग्याने हवा मारावी. तोंडाने फुंकले तर लाळेचे तुषार आत जातात. मग चांगले कार्ड काही वेळा घालावे-काढावे, म्हणजे पत्र्यांवरचा मळ घासून निघतो. सुई, टाचणी किंवा कापसाची काडी आत घालू नये. वाकलेली पत्री घरी सरळ होत नाही. ते काम दुरुस्ती करणाऱ्याचे.

फोटो आहेत, पण कॅमेऱ्याला कळत नाहीत

संपर्क निर्दोष असूनही कॅमेरा कार्ड नाकारू शकतो, कारण कार्डावरची मांडणी त्याच्या ओळखीची नसते. २ जीबीपर्यंतची कार्डे साधी एसडी, त्यावर ३२ जीबीपर्यंतची एसडीएचसी आणि त्यापुढे २ टीबीपर्यंतची एसडीएक्ससी. आकार आणि पट्ट्या सारख्याच, म्हणून कोणतेही कार्ड कोणत्याही स्लॉटमध्ये बसते. एसडीएचसी २००६ मध्ये आणि एसडीएक्ससी २००९ मध्ये जाहीर झाले. त्याआधीच्या कॅमेऱ्यांना नव्या जातीचे कार्ड समजेलच असे नाही. २००८ मधला निकॉनचा डी९० हा एसडीएचसीपर्यंतचा कॅमेरा आहे. त्यात ६४ जीबीचे कार्ड घालून तो बिघडला असे म्हणणे त्याच्यावर अन्याय आहे.

फोटोंच्या नावांचाही एक नियम आहे. कॅमेरा DCIM या फोल्डरच्या आत तीन आकडे आणि पाच अक्षरे अशा नावाची फोल्डर शोधतो, आणि त्यांत चार अक्षरे व चार आकडे अशा नावांचे फोटो. संगणकावर कुणी फोटोचे नाव बदलून ‘आईचा वाढदिवस’ केले, की रीडरमध्ये तो दिसतो आणि कॅमेऱ्यात दिसत नाही. येथे कार्डाची काहीही चूक नसते. फोटो उतरवून झाल्यावर कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट केले की प्रश्न मिटतो. त्यानंतरही तोच संदेश परत परत येत राहिला, तर मात्र संशय कार्डाच्या आत जायला हवा.

खोटे बोलणारे कार्ड

प्रत्येक कार्डात मेमरीच्या चिपसोबत एक छोटा संगणकच असतो. त्याला कंट्रोलर म्हणतात. मेमरीतली खराब घरे वगळणे आणि चुका दुरुस्त करणे हे त्याचे काम. कार्डाची क्षमता किती, हेही तोच सांगतो. कॅमेरा किंवा रीडर मेमरी मोजत नाही. कंट्रोलरच्या नोंदीत लिहिलेला आकडा वाचतो आणि त्यावर विश्वास ठेवतो. ही नोंद बदलली की ८ जीबीचे कार्ड स्वतःला ६४ जीबीचे म्हणवते, आणि वर तशी छापील पट्टी लावली की काम झाले.

हा कंट्रोलर किती बदलता येतो, हे ‘बनी’ या नावाने ओळखले जाणारे अँड्र्यू हुआंग आणि त्यांचे सहकारी शॉन क्रॉस यांनी डिसेंबर २०१३ मध्ये हॅम्बुर्गच्या एका परिषदेत दाखवले. एका कंपनीच्या कंट्रोलरमध्ये त्यांनी स्वतः लिहिलेली आज्ञावली चालवून दाखवली. हुआंग यांचा या प्रश्नाशी संबंध त्याआधीचा होता. ते चंबी नावाचे एक छोटे उपकरण चीनमध्ये बनवून घेत होते, आणि त्यातल्या मायक्रोएसडी कार्डांच्या एका तुकडीत बिघाडाचे प्रमाण नेहमीपेक्षा जास्त निघाले. त्यांनी संशयित कार्डांच्या आतल्या नोंदी वाचल्या, बाजारातून आणखी कार्डे विकत आणली, वरचे आवरण काढून आतल्या चिप पाहिल्या आणि २०१० मध्ये तो तपास सविस्तर लिहिला. नावाजलेल्या छपाईआड काय आहे ते बाहेरून कळत नाही, हा त्यातला धडा आजही लागू आहे.

असे कार्ड फोटोग्राफरला कसे फसवते, ते एका लग्नाच्या उदाहरणाने पाहू. कार्डावर लिहिले आहे ६४ जीबी, आतली खरी मेमरी ८ जीबी. कॅमेऱ्याचा एक रॉ फोटो साधारण २५ एमबीचा. म्हणजे सुमारे ३२० फोटो खरोखर मावतील. सीमांतपूजनापासून सुरुवात होते आणि तीनशेवा फोटो हळदीच्या सुमारास येतो. मंगलाष्टके सुरू होतात तेव्हा फोटोंचा क्रमांक पाचशेच्या घरात असतो. कॅमेरा कुठेही कुरकुर करत नाही. उलट प्रत्येक फोटो काढल्यावर तो पडद्यावर झळकतोही, कारण त्या क्षणी दिसणारा फोटो कॅमेऱ्याच्या स्वतःच्या तात्पुरत्या मेमरीतून येतो, कार्डावरून नाही. दिवसअखेर ९०० फोटो होतात.

रात्री कार्ड रीडरमध्ये घातल्यावर ९०० नावे दिसतात. प्रत्येकापुढे तारीख आणि २५ एमबी हा आकारही बरोबर. कारण फोटोंची यादी कार्डाच्या सुरुवातीच्या भागात असते, आणि तो भाग खऱ्या ८ जीबीत येतो. पण ३२० च्या पुढचे फोटो उघडत नाहीत, किंवा अर्धे दिसून पुढे करडे होतात. कंट्रोलरने ते लिहून घेतल्याचे सांगितले आणि टाकून दिले. फोटो परत मिळवून देणारे सॉफ्टवेअर येथे काहीच करू शकत नाही. ते पुसलेले शोधून काढते, आणि येथे तर लिहिलेच गेले नव्हते. ५८० फोटो, त्यात मंगलाष्टकेही, कुठेच नाहीत.

काही बनावट कार्डे दुसऱ्या तऱ्हेने वागतात. ८ जीबी भरले की ती पुन्हा सुरुवातीपासून लिहू लागतात. मग नवे फोटो आधीच्या फोटोंवर आणि खुद्द यादीवरही बसतात. यादी मोडली की पुढच्या वेळी कॅमेरा चालू करताच ‘फॉरमॅट करा’ असा संदेश येतो. फॉरमॅट केल्यावर कार्ड पुन्हा नव्यासारखे चालते, ८ जीबीपर्यंत. अर्धे भरेपर्यंत नीट आणि मग अचानक मोडणारे कार्ड दिसले, की क्षमतेची चाचणी घ्यायलाच हवी.

क्षमता खरी असली तरी वेग खोटा असू शकतो. छापलेल्या V30 चा अर्थ सलग लिहिताना सेकंदाला किमान ३० एमबी. आत हलकी मेमरी असेल तर वेगवान टप्प्यावर जाताना कार्ड अडते किंवा व्हिडिओ मध्येच थांबतो, आणि शांतपणे वाचणाऱ्या रीडरला यातले काहीच जाणवत नाही.

खरे-खोटे करण्याची चाचणी

संगणकात दिसणाऱ्या आकड्यावरून काही ठरत नाही. खरे ६४ जीबीचे कार्डही विंडोजमध्ये सुमारे ५९ जीबी दिसते. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, आणि विंडोज त्याहून मोठे माप वापरते. या फरकापायी कार्डाला बनावट म्हणू नये.

खरी चाचणी एकच आहे: कार्ड पूर्ण भरायचे आणि लिहिलेले सगळे परत वाचून ताडायचे. विंडोजवर त्यासाठी H2testw हे मोफत साधन आहे. लिनक्स आणि मॅकवर f3 चालते. कार्डावरचे सगळे आधी उतरवून घ्यावे, ते रिकामे करावे आणि मग दोन आज्ञा द्याव्यात. मार्गाच्या जागी आपल्या कार्डाचा मार्ग लिहावा.

```
f3write /media/user/CARD
f3read /media/user/CARD
```

पहिली आज्ञा संपल्यावर कार्ड बाहेर काढून पुन्हा घालावे आणि मगच दुसरी द्यावी. नाहीतर नुकत्याच लिहिलेल्या भागाचा काही अंश संगणक स्वतःच्या मेमरीतून वाचून दाखवू शकतो. शेवटी दोन ओळी पाहायच्या. `Data OK` पुढे जवळपास पूर्ण क्षमता आणि `Data LOST` पुढे शून्य असेल तर कार्डाची क्षमता खरी आहे. आपल्या उदाहरणातल्या कार्डात पहिल्या ओळीत आठेक जीबी येतील आणि उरलेले सगळे दुसऱ्या ओळीत. लिहिण्याचा वेग सेकंदाला २० एमबी धरला तर ६४ जीबी भरायला तासाभराच्या आसपास लागतो, वाचायला त्याहून कमी. हा वेळ कार्ड विकत घेतल्या दिवशीच काढावा. तेव्हा ते परत करता येते आणि त्यावर गमावण्यासारखे काही नसते.

ही चाचणी संपर्काबद्दलही बोलते, ते नीट वाचायला हवे. बनावट कार्डात एका ठरावीक मर्यादेपर्यंत सगळे बरोबर असते आणि त्यापुढे सगळे चुकते. मेमरी खराब होऊ लागलेल्या कार्डात चुका मधूनमधून विखुरलेल्या असतात. संपर्काचा दोष असेल तर चाचणी मध्येच तुटते, कार्ड दिसेनासे होते किंवा वेग अचानक पडतो, आणि पट्ट्या पुसून दुसऱ्या रीडरमध्ये घेतलेली तीच चाचणी स्वच्छ पार पडते.

कार्डाच्या आतली ओळखपत्रासारखी नोंदही वाचता येते. त्यासाठी लॅपटॉपच्या अंगच्या स्लॉटमध्ये कार्ड घालून ते लिनक्समध्ये `mmcblk0` या नावाने दिसायला हवे. यूएसबीवर लावायचे रीडर सहसा ही नोंद पुढे पोहोचवत नाहीत.

```
cat /sys/block/mmcblk0/device/manfid
cat /sys/block/mmcblk0/device/oemid
cat /sys/block/mmcblk0/device/date
```

सॅनडिस्कच्या कार्डात पहिले उत्तर `0x000003` आणि दुसरे `0x5344` असे येते. वर सॅनडिस्कची छपाई आणि आत दुसराच आकडा, असे निघाले तर ती विसंगती संशयाला पुरेशी आहे. आकडा जुळला म्हणून कार्ड अस्सल ठरत नाही, कारण बनावट करणारा तोही लिहू शकतो. भरून वाचण्याची चाचणी मात्र त्याला चुकवता येत नाही. नसलेली मेमरी कोणत्याही नोंदीने निर्माण होत नाही.

या सगळ्यातून कार्डाबाबतचा निर्णय सोपा होतो. क्षमतेच्या चाचणीत पडलेले कार्ड कशासाठीही वापरू नये, त्यातला ‘चांगला’ भागही नाही. ते विक्रेत्याला परत करावे किंवा मोडून टाकावे, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हाती लागणार नाही. चाचणीत पास झालेले, पण फक्त आपल्याच कॅमेऱ्यात अडणारे कार्ड पुसून पाहावे. पुसल्यावर चालले तर त्याला महत्त्वाच्या कामातून काढून सरावाच्या फोटोंसाठी ठेवावे आणि स्लॉटवर लक्ष ठेवावे. महिन्याभरात दुसऱ्या कार्डाशीही तेच घडले तर कॅमेरा दुरुस्तीला द्यावा. सोबत अडणारे कार्ड द्यावे आणि केलेल्या चाचण्या कागदावर लिहून द्याव्यात. दुरुस्ती करणाऱ्याने खात्रीच्या नव्या कार्डाने कॅमेरा तपासला, तर दोन अर्ध्या दोषांपैकी एक त्याला कधीच दिसणार नाही.